ताळेबंद जुळतो, तरी उत्तर चुकतं: खर्च आणि शोधन यांची गल्लत कशी शोधायची

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

काल उत्तरपत्रिका हातात पडल्यावर तू विचारलंस, "बाई, ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळलाय. नफाही तुमच्या उत्तराच्या अगदी जवळ आलाय. मग एवढे गुण का गेले?" तास संपत आला होता, म्हणून मी नुसतं "खर्चाचे आकडे बघ" म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं. तू आकडे बघितले असणारच आणि ते रोकड पुस्तकाशी जुळतात हेही तुला दिसलं असणार. अडचण तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ही चूक तुझ्या हातून पहिल्यांदा झालेली नाही. आधीच्या दोन चाचण्यांत तू अदत्त वेतन आणि पूर्वदत्त विमा सोडून दिला होतास. तेव्हा मला वाटलं, समायोजना वाचायच्या राहिल्या असतील. या वेळी मात्र तुझं कच्चं काम पाहिलं. समायोजना तू वाचल्या होत्यास, त्यांखाली रेघही मारली होतीस आणि समासात लिहिलं होतंस, "पैसे दिले नाहीत, म्हणून नोंद नाही." म्हणजे हे विसरणं नव्हे. तू एक नियम धरून चालली आहेस आणि तो नियमच चुकीचा आहे. म्हणूनच चूक पुन्हा पुन्हा होते.

आधी तोच प्रश्न पुन्हा मांडू

छपाईचा एक नवा व्यवसाय. मालकाने १,००,००० भांडवल आणलं आणि वर्षाच्या सुरुवातीला दरसाल १० टक्के व्याजाने ८०,००० कर्ज घेतलं. वर्षभरात छपाईच्या कामाचे २,४०,००० मिळाले, सगळे रोखीने. उत्पन्नाची बाजू मी मुद्दाम सरळ ठेवली होती, म्हणजे सगळं लक्ष दुसऱ्या बाजूला राहील.

रोकड पुस्तकातून बाहेर गेलेले पैसे असे: भाडे ५५,०००, विमा २४,०००, यंत्र १,२०,०००, कागदाच्या पुरवठादाराला २५,०००, कर्जाचा वर्षअखेरचा हप्ता व्याजासह २८,०००, आणि मालकाची उचल ३०,०००. एकूण २,८२,०००. आलेले पैसे ४,२०,०००. म्हणून वर्षअखेर हातात रोख १,३८,०००. इथपर्यंत तुझं सगळं बरोबर आहे.

खाली माहिती दिली होती: भाडे दरमहा ५,०००, शेवटच्या महिन्याचं द्यायचं राहिलं आहे. विमा नवव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बारा महिन्यांचा आहे. कागद एकूण ४०,००० चा घेतला, सगळा उधारीवर, आणि वर्षअखेर १०,००० चा शिल्लक आहे. यंत्र वर्षाच्या पहिल्या दिवशी घेतलं, पाच वर्षं चालेल आणि शेवटी त्याची काही किंमत येणार नाही.

तू खर्च धरलास तो असा: भाडे ५५,०००, विमा २४,०००, कागद २५,०००, हप्ता २८,०००. एकूण १,३२,०००, म्हणून नफा १,०८,०००. यंत्र तू मालमत्तेत पूर्ण किमतीने ठेवलंस आणि उचल भांडवलातून वजा केलीस. बरोबर नफा १,१०,००० आहे. तुझ्या उत्तरात फरक फक्त २,००० चा. तरीही तुझ्या चारही खर्चांपैकी एकही आकडा बरोबर नाही आणि पाचवा खर्च तर लिहिलेलाच नाही. हे कसं घडतं ते बघण्याआधी तुझा नियम कुठून आला असेल ते सांगते.

"खर्च" हा शब्दच फसवतो

आपण रोजच्या बोलण्यात "आज किती खर्च झाला?" असं विचारतो, तेव्हा खिशातून किती पैसे गेले एवढंच विचारायचं असतं. "जमाखर्च" या जुन्या शब्दातही तोच अर्थ आहे: पैसे आले ते जमा, पैसे गेले तो खर्च. म्हणजे आपली भाषा लहानपणापासून आपल्याला शिकवते की खर्च म्हणजे पैसे देणं. लेखाकर्मात आल्यावर तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरायचा असतो आणि हे कुणी फारसं ठणकावून सांगत नाही. मीही पहिल्या तासाला सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पण मराठीतच आणखी एक प्रयोग आहे, तो इथे कामाला येतो: "खर्ची पडणे". अमुक कामात इतका कागद खर्ची पडला, इतके दिवस खर्ची पडले, असं आपण म्हणतो. त्यात पैसे कधी दिले हा प्रश्नच नसतो. वस्तू वापरली गेली, सेवा घेऊन झाली, उपयोग संपला, एवढाच अर्थ. नफा-तोटा खात्यातला खर्च हा असा खर्ची पडलेला भाग असतो. पैसे देण्याला आपल्या पुस्तकात वेगळा शब्द आहे, शोधन. तू "प्राप्ती व शोधन खाते" शिकली आहेस, तोच हा शब्द.

आता तुझा नियम बाजूला ठेव आणि त्याच्या जागी प्रत्येक बाबीला दोन प्रश्न वेगवेगळे विचार. या वर्षात किती खर्ची पडलं? आणि या वर्षात पैसे किती गेले? पहिल्याचं उत्तर नफा-तोटा खात्यात जातं, दुसऱ्याचं रोकड पुस्तकात. दोन्ही आकडे सारखे आले तर बाब तिथेच संपली. नाही आले, तर फरकाला ताळेबंदात घर लागतं. या तीन जागांखेरीज चौथी जागा नाही. प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी द्यायला जाऊ नकोस. एक कागद घे, मधोमध उभी रेघ मार, डावीकडे "खर्ची पडलं" आणि उजवीकडे "पैसे गेले" असं लिही. सुरुवातीला हा वेळखाऊपणा वाटेल, पण तुझी चूक नेमकी या दोन रकान्यांचा एक रकाना केल्यामुळे होते.

भाडे: वापर झाला, पैसे राहिले

जागा किती महिने वापरली? बारा. दरमहा ५,००० प्रमाणे ६०,००० खर्ची पडले. पैसे गेले ५५,०००. उरलेले ५,००० आपण जागामालकाचं देणं लागतो, म्हणून ते देयतेत "अदत्त भाडे" म्हणून बसतात. नोंद अशी: भाडे खाते नावे ५,०००, अदत्त भाडे खाते जमा ५,०००. या नोंदीत रोख खाते कुठेच नाही, आणि "पैसे दिले नाहीत, म्हणून नोंद नाही" हा तुझा नियम नेमका इथे अडतो. पैसे दिले असते तर ही नोंद करावीच लागली नसती. ती दिलेले नाहीत म्हणूनच करायची आहे.

पुढच्या वर्षी ते ५,००० दिले जातील तेव्हाची नोंद बघ: अदत्त भाडे खाते नावे, रोख खाते जमा. त्या दिवशी पैसे गेले, पण खर्च शून्य. जुनं देणं फिटलं, एवढंच झालं.

विमा: पैसे गेले, वापर राहिला

ही उलटी बाब. २४,००० एकदम गेले, पण ते बारा महिन्यांच्या संरक्षणासाठी. या वर्षात त्यातले किती महिने संपले? नववा, दहावा, अकरावा, बारावा: चार. इथे मुलं हमखास "बारा वजा नऊ" करून तीन महिने धरतात. बोटांवर मोज, वजाबाकी करू नकोस. पहिल्या तारखेपासून सुरू झालेला नववा महिना स्वतः मोजला जातो. दरमहा २,००० प्रमाणे ८,००० खर्ची पडले. उरलेले १६,००० वाया गेलेले नाहीत. आठ महिन्यांचं संरक्षण आपल्याला अजून यायचं आहे, म्हणून ते "पूर्वदत्त विमा" या नावाने मालमत्तेत राहतात.

तू लिहिलं होतंस, "पण बाई, पैसे तर परत मिळणार नाहीत, मग मालमत्ता कशी?" हा प्रश्न चांगला आहे. मालमत्ता म्हणजे रोखीत परत येणारी गोष्टच असते असं नाही. पुढे उपयोग मिळणार असेल आणि त्यावर आपला हक्क असेल तरी ती मालमत्ता. यंत्राचे पैसे तरी परत कुठे मिळतात? ते तू न कुरकुरता मालमत्तेत ठेवलंस, कारण ते डोळ्यांना दिसतं. विम्याचे आठ महिने दिसत नाहीत, फरक तेवढाच.

कागद: इथे दोन नव्हे, तीन आकडे आहेत

या बाबीवर थोडं थांबू या, कारण सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात. कागद घेतला ४०,००० चा. पुरवठादाराला दिले २५,०००. छपाईत वापरला किती? घेतलेल्या ४०,००० मधून शिल्लक १०,००० वजा करून ३०,०००.

खरेदी ४०,०००, शोधन २५,०००, खर्च ३०,०००. तिन्ही खरे आहेत आणि तिन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. ज्या दिवशी कागद गोदामात आला त्या दिवशी खरेदी झाली. ज्या दिवशी पुरवठादाराला पैसे दिले त्या दिवशी शोधन झालं. ज्या दिवशी कागद यंत्रात गेला त्या दिवशी तो खर्ची पडला. हे तीन दिवस एकमेकांपासून महिनोन्‌महिने दूर असू शकतात आणि शोधनाचा दिवस बाकी दोन्हींच्या आधी, मध्ये किंवा नंतर कुठेही येऊ शकतो. पुरवठादाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर शोधन सगळ्यांत आधी येतं.

म्हणून इथे फरकही दोन निघतात. खरेदी आणि शोधन यांतला १५,००० चा फरक म्हणजे पुरवठादार आपला धनको आहे, तो देयतेत. खरेदी आणि खर्च यांतला १०,००० चा फरक म्हणजे अखेरचा साठा, तो मालमत्तेत. तू थेट २५,००० खर्च लिहिलास आणि धनको व साठा दोन्ही सोडलेस. म्हणजे गोदामात १०,००० चा कागद पडून आहे आणि पुरवठादार १५,००० ची वाट बघतो आहे, हे दोन्ही तुझ्या ताळेबंदाला माहीतच नाही.

तेरीज पत्रकावरून अंतिम खाती करताना तुम्ही खरेदी व्यापार खात्यात नावे दाखवता आणि अखेरचा साठा जमा बाजूला. तिथेही हेच घडतं. खरेदीतून साठा वजा होऊन खर्ची पडलेला भाग उरतो. दोन बाजूंना लिहिल्यामुळे ते वजाबाकीसारखं दिसत नाही, म्हणून सांगितलं.

यंत्र: पैसे एकदा, खर्च पाच वेळा

१,२०,००० पहिल्याच दिवशी गेले. यंत्र पाच वर्षं चालणार, म्हणून समान हप्ता पद्धतीने दरवर्षी २४,००० घसारा. या वर्षी पैसे १,२०,००० आणि खर्च २४,०००. पुढची चार वर्षं पैसे शून्य आणि खर्च २४,०००. यंत्र मालमत्तेत ठेवणं तुला जमलं, कारण भांडवली खर्च हा धडा तुझा पक्का आहे. पण घसारा सोडलास, आणि कारण पुन्हा तेच: त्यासाठी या वर्षी कुणाला पैसे दिलेले नव्हते. विम्याचाच हा मोठा भाऊ समज. दोन्हीत आधी पैसे जातात आणि मग उपयोग थोडा थोडा संपत जातो. विम्याचे महिने नेमके मोजता येतात, यंत्राचं आयुष्य अंदाजाने धरावं लागतं, म्हणून घसारा हा शेवटी अंदाज असतो. पण अंदाज आहे म्हणून तो शून्य धरायचा नाही.

हप्ता: दिले तेवढे सगळे खर्च नव्हेत

२८,००० चा हप्ता. ८०,००० वर १० टक्के म्हणजे वर्षाचं व्याज ८,०००. दुसऱ्याचे पैसे वर्षभर वापरले, त्या वापराची ही किंमत, म्हणून ८,००० खर्च. बाकीचे २०,००० म्हणजे मुद्दल परत केलं. कर्ज घेतलं तेव्हा ८०,००० आपण उत्पन्न मानले नव्हते. मग परत करताना ते खर्च कसे होतील? कर्ज ८०,००० वरून ६०,००० वर आलं, बस. उचलीचंही असंच. पैसे गेले, पण ते मालकाचं भांडवल कमी करून गेले, धंद्यात काही खर्ची पडलं नाही. उचल तू बरोबर लिहिलीस, तीच नजर हप्त्यातल्या मुद्दलाकडे वळव.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवू

| बाब | पैसे गेले | खर्ची पडलं | ताळेबंदात काय राहिलं |
|---|---|---|---|
| भाडे | ५५,००० | ६०,००० | अदत्त भाडे ५,००० (देयता) |
| विमा | २४,००० | ८,००० | पूर्वदत्त विमा १६,००० (मालमत्ता) |
| कागद | २५,००० | ३०,००० | साठा १०,००० (मालमत्ता), धनको १५,००० (देयता) |
| यंत्र | १,२०,००० | २४,००० | यंत्र ९६,००० (मालमत्ता) |
| हप्ता | २८,००० | ८,००० | कर्ज ६०,००० (देयता) |
| उचल | ३०,००० | ० | भांडवलातून वजा |

खर्चाची बेरीज १,३०,०००, नफा १,१०,०००. मालमत्ता: रोख १,३८,०००, यंत्र ९६,०००, पूर्वदत्त विमा १६,०००, कागदाचा साठा १०,०००, एकूण २,६०,०००. दुसरीकडे भांडवल १,००,००० अधिक नफा १,१०,००० वजा उचल ३०,००० म्हणजे १,८०,०००, कर्ज ६०,०००, धनको १५,०००, अदत्त भाडे ५,०००, एकूण २,६०,०००.

तुझा ताळेबंद २,५८,००० वर जुळला होता: रोख १,३८,००० आणि यंत्र १,२०,००० एका बाजूला, भांडवल १,७८,००० आणि कर्ज ८०,००० दुसऱ्या बाजूला. आता तुझे फरक मोज. भाडे ५,००० ने कमी, कागद ५,००० ने कमी, घसारा २४,००० ने कमी. विमा १६,००० ने जास्त, हप्ता २०,००० ने जास्त. एकूण ३४,००० कमी आणि ३६,००० जास्त. निव्वळ फरक २,००० चा उरला तो केवळ योगायोगाने. यंत्र पाचऐवजी तीन वर्षं चालणारं असतं तर घसारा ४०,००० झाला असता आणि तुझा नफा १४,००० ने चुकला असता. चुका सगळ्या याच, फक्त एकमेकींना झाकायला पुरल्या नसत्या. म्हणून "जवळपास आलंय" यावर मी गुण देऊ शकत नाही.

मग ताळेबंद जुळला कसा?

हे तुला नक्की समजायला हवं, नाहीतर तू जुळण्यावर विसंबून राहशील. अदत्त भाडे सोडलंस तेव्हा खर्च ५,००० ने कमी झाला, म्हणून नफा आणि पर्यायाने भांडवल ५,००० ने वाढलं. त्याच वेळी देयतेतलं अदत्त भाडे ५,००० ने गायब झालं. एकाच बाजूला एक वाढलं, एक घटलं, बेरीज तीच. पूर्वदत्त विमा सोडलास तेव्हा मालमत्ता १६,००० ने कमी आणि भांडवलही १६,००० ने कमी. दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्या. पूर्ण सोडलेली समायोजना ताळेबंद कधीच पकडत नाही. प्रत्येक नावेला जमा मिळालं की नाही इतकंच तो सांगतो.

उलट, समायोजना अर्धवट केली तर मात्र तो ओरडतो, आणि तो फरक वाचायला शिकलीस तर चूक पटकन सापडते. ५,००० अदत्त भाडे खर्चात मिळवलंस पण देयतेत दाखवलं नाहीस, तर फरक नेमका ५,००० चा येईल. देयतेत बरोबर दाखवलंस, पण भाड्यात मिळवण्याऐवजी वजा केलंस, तर फरक १०,००० चा. म्हणून ताळेबंद न जुळल्यास आधी फरकाचा आकडा समायोजनांत शोध. सापडला तर तिचा एक परिणाम राहिला आहे. नाही सापडला तर फरकाचा अर्धा शोध. तो सापडला तर दिशा उलटी झाली आहे.

आणि ताळेबंद जुळल्यावर? तेव्हा दुसरी तपासणी कर. खर्चाचा प्रत्येक आकडा रोकड पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघ. सगळेच्या सगळे तंतोतंत सारखे असतील आणि खाली समायोजना दिलेल्या असतील, तर थांब. तुझ्या उत्तरपत्रिकेत हे लक्षण स्पष्ट दिसत होतं: चारही खर्च रोकड पुस्तकातून जसेच्या तसे उतरले होते.

तेरीज पत्रकातला एक खड्डा

हे समजल्यावर मुलं दुसऱ्या टोकाला जातात, म्हणून आधीच सांगते. "अदत्त भाडे" हे शब्द समायोजनेत दिसले तर दोन परिणाम दाखवायचे: खर्चात मिळवायचं आणि देयतेत लिहायचं. पण तेच अदत्त भाडे तेरीज पत्रकाच्या जमा रकान्यात आधीच दिलेलं असेल, तर त्याची नोंद होऊन गेलेली आहे. भाडे खात्यात ते मिळवलेलं आहे, म्हणून आता ते फक्त ताळेबंदात न्यायचं. पुन्हा मिळवलंस तर खर्च दोनदा धरला जाईल. पूर्वदत्त विम्याचंही तसंच: तेरजेत असेल तर विम्यातून पुन्हा वजा करायचा नाही.

दुसरं वर्ष आलं की

पहिल्या वर्षी आधीचं काही शिल्लक नसतं, म्हणून काम सोपं असतं. दुसऱ्या वर्षी जुनी बाकी घेऊन सुरुवात होते आणि मिळवू की वजा करू हा गोंधळ उडतो. सूत्र पाठ करू नकोस. चार संज्ञांच्या सूत्रात परीक्षेच्या घाईत चिन्हं उलटी होतात, मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्याऐवजी खाते मांड.

समज, दुसऱ्या वर्षी भाड्यापोटी एकूण ७५,००० दिले. त्यांत मागचे ५,००० आले आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांचे १०,००० आगाऊ आले. भाडे खाते मांडू. सुरुवातीचं अदत्त भाडे ही देणे बाकी, म्हणून ती जमा बाजूला येते: ५,०००. रोख दिले ते नावे बाजूला: ७५,०००. वर्षअखेरचं पूर्वदत्त भाडे पुढे न्यायचं, ते जमा बाजूला: १०,०००. नावे ७५,०००, जमा १५,०००. बाजू सारख्या व्हायला जमेत ६०,००० हवेत, तोच नफा-तोटा खात्याकडे जाणारा खर्च. आता ताडून बघ: बारा महिने, दरमहा ५,०००. जुळलं. खात्यातून काढलेला आकडा आणि महिन्यांवरून काढलेला आकडा असे दोन वेगळ्या वाटांनी तपासता येतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

तुझ्या जुन्या नियमाने भाडे पहिल्या वर्षी ५५,००० आणि दुसऱ्या वर्षी ७५,००० आलं असतं. जागा तीच, भाडं तेच, आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की भाडं २०,००० ने वाढलं.

विम्याची मात्र दुसऱ्या वर्षी एक गंमत होते. तोच विमा नवव्या महिन्यात २४,००० देऊन पुन्हा घेतला, तर दुसऱ्या वर्षाचा खर्च मागचे १६,००० अधिक नवे ८,००० म्हणजे २४,०००. दिलेली रक्कम आणि खर्च सारखे! रक्कम आणि तारीख दरवर्षी तीच राहिली की असं होतं. असे प्रश्न सोडवूनच मुलांना वाटतं की आपला नियम बरोबर आहे. पुढच्या हप्त्याची रक्कम ३०,००० झाली असती तर पैसे ३०,००० गेले असते आणि खर्च १६,००० अधिक १०,००० म्हणजे २६,००० आला असता.

शोधनाची जागा कुठे?

यावरून शोधनाचे आकडे बिनकामाचे आहेत असं समजू नकोस. नफा १,१०,००० आणि रोख १,३८,००० हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत: धंद्याने कमावलं किती, आणि उद्या देणी भागवायला हातात आहे किती. दुसऱ्या प्रश्नासाठी रोकड पुस्तक आहे, नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी प्राप्ती व शोधन खाते आहे, कंपन्यांसाठी रोख प्रवाह पत्रक आहे. काही लहान व्यवसाय सगळा हिशेब रोख पद्धतीनेच ठेवतात आणि तिथे तुझा नियम चालतोही. पण प्रश्नात समायोजना दिल्या आहेत आणि नफा-तोटा खाते मागितलं आहे, म्हणजे उपार्जन पद्धत अपेक्षित आहे.

आता काम. दुसऱ्या वर्षाचं कागदाचं गणित तू कर. सुरुवातीचा साठा १०,०००, सुरुवातीचा धनको १५,०००. वर्षभरात ५०,००० चा कागद उधारीवर घेतला, पुरवठादाराला ५५,००० दिले, वर्षअखेर साठा ६,०००. दोन खाती मांड, एक कागदाच्या साठ्याचं आणि एक पुरवठादाराचं. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात ढकलू नकोस. दोन्हींना जोडणारा आकडा एकच आहे, खरेदीचा. खर्ची पडलेला कागद ५४,००० आणि धनको १०,००० यायला हवा. खर्च ५५,००० आला तर उभ्या रेघेचा कागद पुन्हा काढ, आणि दोन्ही कागद घेऊन मधल्या सुट्टीत ये.

तुझ्या,
बाई